बळी, गडी की विकेट? – वर्गातला क्रिकेट शब्दसंग्रह कसा तयार केला



चौथीच्या वर्गात आम्ही रोज परिपाठानंतर वर्तमानपत्रातली एक बातमी वाचतो. एके दिवशी क्रीडापानावरची बातमी निघाली. त्यात एका गोलंदाजाने ‘पाच बळी घेतले’ असं छापलं होतं. वाचणारी मुलगी तिथेच थांबली आणि म्हणाली, “बाई, पाच माणसं मेली?” मागच्या बाकावरची मुलं खो खो हसली. ती खाली बसली आणि त्या दिवशी खेळाच्या तासालाही मैदानाच्या कडेलाच बसून राहिली.

तिचं चुकलं होतं का? पुराचे बळी, अपघाताचे बळी याच पानांवर ती रोज वाचते. तिने शब्दाचा बरोबर तोच अर्थ लावला होता. हसणाऱ्या मुलांना मी विचारलं, “मग सांगा, बळी म्हणजे काय?” उत्तर आलं, “विकेट.” “आणि विकेट म्हणजे?” यावर तीन मुलांनी तीन गोष्टी सांगितल्या. एकाने रोवलेल्या काठ्या दाखवल्या, दुसरा म्हणाला आउट होणं, तिसरा म्हणाला ती मधली जागा. म्हणजे हसणाऱ्यांनाही शब्द येत होता, अर्थ धड सांगता येत नव्हता.

त्याच आठवड्यात आम्ही क्रिकेटच्या प्राथमिक शब्दांचा साध्या मराठीतला संग्रह करायला घेतला. मराठी शब्द घ्यायचा की रुळलेला इंग्रजी, हे प्रत्येक शब्दागणिक ठरवायचं होतं. काय ठरलं त्याहीपेक्षा ते कसं ठरलं, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं. तुमच्या वर्गात हेच काम कबड्डीचं, शेतीच्या अवजारांचं किंवा मोबाइलच्या शब्दांचंही करता येईल.

शब्द कुठून गोळा केले

तीन ठिकाणांहून. एक, मैदान. दोन मुलांना वही देऊन कडेला बसवलं आणि खेळताना जे जे ओरडलं जाईल ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं. दुसरं, वर्तमानपत्र. आठवडाभराच्या क्रीडापानावर मुलांनी न कळलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या. तिसरं, घर. आजी-आजोबांना विचारून या, तुम्ही रेडिओवर सामना ऐकायचात तेव्हा कोणते शब्द असायचे.

तिसऱ्या वहीने गंमत केली. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचं मराठी धावतं वर्णन ऐकलेल्या आजोबांच्या तोंडी त्रिफळा, पायचीत, यष्टिरक्षक हे शब्द सहज होते. नातवाच्या वहीत त्याच जागी बोल्ड, एलबी आणि कीपर. एकाच घरात एकाच खेळाच्या दोन भाषा! आजोबा आणि नातू एकच सामना बघत होते, पण एकमेकांचे शब्द त्यांना निम्मेच कळत होते.

तीन कसोट्या

प्रत्येक शब्दाला आम्ही तीन प्रश्न विचारले.

पहिला: शब्द ऐकून अर्थ उघडतो का? ‘धावचीत’ ऐकलं की धावताना काहीतरी झालं हे न सांगता कळतं. ‘यॉर्कर’ ऐकून काहीच कळत नाही.

दुसरा: मैदानावर पटकन ओरडता येतो का? ‘नो बॉल’ एका दमात ओरडता येतं. त्याला आम्ही ‘अवैध चेंडू’ म्हणून पाहिलं, पण शब्द ओरडून होईपर्यंत फलंदाज धावून परत आला होता.

तिसरा: मुलाला तो पुढे वाचायला किंवा ऐकायला मिळणार आहे का? आपण घरी बसून कितीही सुंदर शब्द घडवला तरी तो कुठेच छापून येत नसेल तर मुलाच्या उपयोगाचा नाही.

तिन्ही कसोट्यांत एकच शब्द जिंकला असं क्वचित झालं. म्हणून एक नियम केला. मथळ्याला एकच शब्द ठेवायचा आणि दुसरा कंसात द्यायचा, पण तो पुसायचा नाही. ‘गोलंदाज (बॉलर)’ असं. मुलाला दोन्ही यायला हवेत. कोणता शुद्ध आणि कोणता अशुद्ध हा आमचा प्रश्नच नव्हता.

‘विकेट’ची गाठ सोडवताना

सगळ्यात जास्त वेळ याच शब्दाने घेतला. मैदानावरच्या वहीतून मुलांनी विकेटची वाक्यं वेगळी काढली आणि मी ती फळ्यावर लिहिली:

- “विकेट नीट लाव, वाकडी झालीय.”
- “विकेटला मार, विकेटला!”
- “आपली तिसरी विकेट पडली.”
- “आजची विकेट ओली आहे, बॉल उडतच नाही.”
- “तीन विकेटने जिंकलो.”

मग एकेका वाक्यातली ‘विकेट’ काढून तिथे दुसरा शब्द बसवायचा खेळ केला. पहिल्या दोन वाक्यांत ‘यष्ट्या’ बसलं. तिसऱ्यात आणि पाचव्यात ‘गडी’ बसलं. चौथ्यात ‘खेळपट्टी’. एका इंग्रजी शब्दाच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मराठीत त्या तिन्हींना स्वतंत्र शब्द आहेत. इथे मराठी शब्द घेण्याचं कारण अभिमान नव्हे, सोय आहे. संग्रहात आम्ही ‘विकेट’ला मथळा दिलाच नाही. तिथे फक्त लिहिलं: ‘पाहा – यष्टी, गडी, खेळपट्टी’.

आता गडी की बळी? वर्तमानपत्रात साधारण अशी विभागणी दिसते. गोलंदाजाच्या खात्यावर ‘बळी’ लिहितात आणि संघाच्या खात्यावर ‘गडी’. ‘तिने चार बळी घेतले’, पण ‘संघाने चार गडी गमावले’. मुलांनी मथळ्याला ‘गडी’ निवडला, कारण तो हुतुतू-कबड्डीत त्यांच्या तोंडी आहेच. एका मुलाने शंका काढली, “आमच्याकडे गडी म्हणजे शेतावर कामाला येणारा माणूस.” बरोबर आहे. म्हणून व्याख्येत ‘संघातला खेळाडू’ हे आधी लिहिलं. ‘बळी’ कंसात ठेवला आणि पुढे लिहिलं, ‘इथे कोणी मरत नाही’. हे वाक्य पहिल्या दिवशी हसू झालेल्या मुलीनेच सुचवलं.

‘गडी राखून’ म्हणजे वजाबाकी

‘गडी’ पक्का झाल्यावर ‘सहा गडी राखून विजय’ हे वाक्य सोडवता आलं. मुलांना वाटत होतं, सहा जण बाद केले म्हणून जिंकले. खरं तर हे राहिलेल्या गड्यांचं मोजमाप आहे. नंतर फलंदाजी करणारा संघ जिंकला तरच ते वापरतात.

खरा सामना घेऊन सोडवलं. 2 एप्रिल 2011, वानखेडे स्टेडियम, विश्वचषकाचा अंतिम सामना. श्रीलंकेच्या 274 धावा झाल्या होत्या. भारताने 4 गडी गमावून 277 केल्या. संघात 11 खेळाडू असले तरी गमावण्याजोगे गडी 10 असतात. दहा बाद झाले की अकरावा एकटा उरतो आणि फलंदाजीला जोडी लागते, म्हणून डाव संपतो. 10 वजा 4 म्हणजे 6. भारत 6 गडी राखून जिंकला.

उलट, आधी फलंदाजी करणारा संघ जिंकला तर फरक धावांत सांगतात. नवी मुंबईत 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या महिला संघाने विश्वचषकाचा अंतिम सामना जिंकला तेव्हा भारताच्या 298 आणि दक्षिण आफ्रिकेच्या 246 धावा होत्या. म्हणून 52 धावांनी विजय. इथे गडी राखण्याचा प्रश्नच येत नाही.

मग आमच्या मैदानावरचं उदाहरण घेतलं. आमचे संघ आठ-आठ जणांचे. म्हणजे गमावण्याजोगे गडी किती? बरेच हात ‘आठ’ म्हणून वर आले. जोडीची गोष्ट पुन्हा आठवून दिल्यावर ‘सात’ आलं. तीन बाद झाले असतील तर चार गडी राखून. ज्याला ही वजाबाकी 10 ऐवजी 7 मधून करता आली, त्याला शब्द कळला असं समजायला हरकत नाही.

षटक: शब्दातच आकडा

‘ओव्हर’ मैदानावर जिंकतो आणि ‘षटक’ अर्थात. षट् म्हणजे सहा, षटकोनातला. षटकात सहा चेंडू असतात हे वेगळं सांगावंच लागत नाही. षटकारही त्याच घरातला. मात्र हा शब्द आजच्या नियमाला बांधलेला आहे हेही मुलांना सांगितलं. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आठ चेंडूंची ओव्हर होती. त्या ओव्हरला षटक म्हणणं शब्दशः खोटं ठरलं असतं. ‘ओव्हर’ या शब्दात आकडा नाही, म्हणून तो दोन्हीकडे चालतो. अर्थ उघडा असणाऱ्या शब्दाची ही एक मर्यादा असते.

मथळ्याला ‘षटक’च ठेवलं, पण त्यात दोन ठिकाणी मुलं घसरतात. पहिलं म्हणजे वाइड आणि नो बॉल सहांत धरत नाहीत. म्हणून एका षटकात प्रत्यक्षात आठ चेंडू टाकले गेलेलेही दिसतील. व्याख्येत ‘सहा वैध चेंडू’ असं लिहायला हवं.

दुसरं गणिताचं आहे. त्याच 2011 च्या सामन्यात भारताने लक्ष्य 48.2 षटकांत गाठलं. हा दशांश नाही! टिंबाच्या पुढचा 2 म्हणजे दोन चेंडू. 48 गुणिले 6 म्हणजे 288, अधिक 2, एकूण 290 चेंडू. 50 षटकांचे 300 चेंडू होतात, म्हणजे 10 चेंडू शिल्लक होते. टिंबापुढे 6 कधीच येत नाही, कारण सहावा चेंडू पडला की पुढचा पूर्ण अंक होतो. पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांक शिकवताना हे ‘दशांश नसलेलं टिंब’ जरूर दाखवा. फरक लख्ख कळतो.

चीत: कुस्तीच्या आखाड्यातून आलेला

बाद होण्याच्या शब्दांत मराठीने एक युक्ती केली आहे. कुस्तीत पाठ टेकली की पैलवान चीत. तोच ‘चीत’ उचलून त्यापुढे बाद होण्याचं कारण जोडलं: त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत, यष्टिचीत. मुलांना हे शब्द पाठ करायला लावायची गरज पडली नाही. पुढचा भाग कारण सांगतो, मागचा भाग निकाल.

फक्त ‘झेल’ चीतच्या घरात गेला नाही, तो ‘झेलबाद’ झाला. झेल हा विटीदांडूतही आहे. मैदानावर मुलं ‘कॅच!’ असंच ओरडतात, पण ‘झेल सोडला’ हे सगळ्यांना कळतं. म्हणून दोन्ही राहिले.

शब्द घडवण्याचा हा साचा अजून जिवंत आहे का, हे पाहायला मी मुलांना एक प्रसंग सांगितला. 2023 च्या विश्वचषकात दिल्लीला श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज वेळेत पहिला चेंडू खेळायला तयार झाला नाही म्हणून त्याला बाद दिलं गेलं. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. इंग्रजीत याला टाइम्ड आउट म्हणतात. तुम्ही काय म्हणाल? मिनिटभरात दोन-तीन बाकांवरून ‘वेळचीत’ आलं. तिसऱ्या कसोटीत तो बसत नाही, म्हणून मथळ्याला घेतला नाही. पण साचा मुलांच्या हाती आला हे कळलं.

‘पायचीत’ मात्र अर्थ उघडूनही फसवतो. मुलांनी पहिली व्याख्या केली: ‘चेंडू पायाला लागला की बाद’. नियम तसा नाही. आम्ही ती तीनदा बदलली. शेवटी ठरली ती अशी: चेंडू बॅटला न लागता फलंदाजाच्या अंगावर अडला, आणि अडला नसता तर यष्ट्यांवर गेला असता असं पंचांना वाटलं, तर तो पायचीत. पाय हा फक्त नेहमीचा अवयव आहे. अंगाचा इतर भागही चालतो. आणि चेंडूचा टप्पा लेगच्या यष्टीबाहेर पडला असेल तर पायचीत नाही. याहून बारकावे आहेत, पण चौथीला एवढे पुरेत. नाव अर्थ सुचवतं, व्याख्येचं काम ते करत नाही. हे शिकवायला ‘पायचीत’सारखा दुसरा शब्द मिळणार नाही.

फलंदाज आणि गोलंदाज

गोलंदाज हा शब्द क्रिकेटच्या आधीचा आहे. मराठ्यांच्या तोफखान्यात तोफ डागणारा तो गोलंदाज. फारसीतला ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. त्याच धर्तीवर फळीवरून फलंदाज झाला. जुन्या मराठीत या खेळाला चेंडूफळी म्हणत. म्हणजे ज्याला आपण ‘शुद्ध मराठी’ म्हणतो त्यातही फारसीचा वाटा आहे! उसना शब्द आणि आपला शब्द यांतली भिंत किती पातळ असते ते मुलांना इथे दिसलं.

आणखी एक फायदा. इंग्रजीत नियम सांभाळणाऱ्या एमसीसीने 2021 मध्ये ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ घेतला, कारण जुन्या शब्दात पुरुष होता. ‘फलंदाज’ला असं काही करावं लागलं नाही. तो फलंदाज, ती फलंदाज. सांगलीची स्मृती मानधना फलंदाजच.

जिथे इंग्रजी शब्दच बरा

ऑफ आणि लेग या दोन बाजूंना आम्ही आधी ‘उजवी’ आणि ‘डावी’ म्हटलं. पहिल्याच डावखुऱ्या मुलाने खेळायला आल्यावर सगळं मोडलं. उजव्या हाताच्या फलंदाजाची ऑफ बाजू त्याच्या उजवीकडे असते, डावखुऱ्याची डावीकडे. बाजू मैदानाची नसून फलंदाजाची असते. उजवी-डावी म्हणणं सोपं मराठी झालं असतं, पण चुकीचं. म्हणून शब्द ‘ऑफ’ आणि ‘लेग’च ठेवले आणि व्याख्या मराठीत केली: चेंडूची वाट पाहत उभं राहिल्यावर छाती जिकडे ती ऑफ, पाठ जिकडे ती लेग. प्रत्येकाला बॅट घेऊन उभं केलं, छाती वळली की ऑफ वळतो हे लगेच कळलं.

स्लिप, गली, पॉइंट या जागांचंही तसंच. तिथे भाषांतर केलं की नकाशाच हरवतो. ही नावं आम्ही शब्दांत समजावलीच नाहीत, मैदानाच्या चित्रावर लिहिली. बॅटला मात्र कोणी पर्यायच सुचवला नाही. ती कधीच मराठी झाली आहे. ‘बॅटीने’, ‘बॅटीवर’ असं तिचं सामान्यरूप मुलं न शिकवता करतात. शब्द आपल्या विभक्त्या घेऊ लागला की तो घरचा झाला समजावं.

लिहिताना झालेल्या चुका

पहिल्या मसुद्यात असं होतं: ‘चौकार – चेंडू सीमारेषेबाहेर गेल्यावर मिळतो तो’ आणि ‘सीमारेषा – जिच्याबाहेर चेंडू गेला की चौकार मिळतो ती’. एका मुलीने दोन्ही वाचून विचारलं, “बाई, मला दोन्ही माहीत नसतील तर?” तिथून नियम केला: व्याख्येत खेळाचा तोच शब्द वापरायचा, जो आधी येऊन गेला आहे. त्यामुळे क्रम अकारविल्हे न ठेवता पायरीपायरीने ठेवावा लागला. अकारविल्हे यादी शेवटी वेगळी जोडली. ती लावताना क्षेत्ररक्षक ‘क’मध्ये घातला गेला होता. मराठी वर्णमालेत क्ष शेवटी येतो, म्हणून तोही शेवटी गेला.

दुसरी चूक माझीच. फळ्यावर मी ‘यष्टीरक्षक’ लिहिलं होतं. सुटा शब्द ‘यष्टी’ दीर्घ, पण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त असल्याने समासात ‘यष्टिरक्षक’, ‘यष्टिचीत’. गती आणि गतिमान, तसंच. वर्तमानपत्रांतही दोन्ही दिसतात, त्यामुळे आधी तपासून मगच मुलांना द्या.

आमचा शब्दसंग्रह

1. चेंडू (बॉल) – टाकायचा आणि मारायचा गोळा.
2. बॅट – चेंडू मारायची लाकडी फळी.
3. यष्टी (स्टम्प) – जमिनीत रोवलेल्या तीन काठ्यांपैकी एक. अनेक असल्या तर यष्ट्या.
4. बेल्स – यष्ट्यांच्या डोक्यावर ठेवलेल्या दोन लहान कांड्या. (महादेवाला वाहायचा बेल नव्हे.)
5. खेळपट्टी (पिच) – दोन टोकांच्या यष्ट्यांमधली पट्टी. मोठ्यांच्या खेळात 20.12 मीटर लांब.
6. क्रीज – यष्ट्यांच्या पुढे 1.22 मीटरवर आखलेली रेघ.
7. फलंदाज (बॅट्समन, बॅटर) – बॅटने खेळणारा किंवा खेळणारी.
8. गोलंदाज (बॉलर) – फलंदाजाकडे चेंडू टाकणारा किंवा टाकणारी.
9. क्षेत्ररक्षक (फिल्डर) – मारलेला चेंडू अडवणारा खेळाडू.
10. यष्टिरक्षक (कीपर) – फलंदाजाच्या यष्ट्यांमागे उभा राहणारा क्षेत्ररक्षक.
11. पंच (अंपायर) – नियमाप्रमाणे निर्णय देणारी व्यक्ती.
12. धाव (रन) – दोन्ही फलंदाजांनी पळून खेळपट्टीची टोकं बदलली की मिळणारा एक गुण.
13. सीमारेषा (बाउंड्री) – मैदानाची कड दाखवणारी रेघ किंवा दोरी.
14. चौकार (फोर) – मारलेला चेंडू टप्पा खाऊन सीमारेषेपार गेला की 4 धावा.
15. षटकार (सिक्स) – मारलेला चेंडू टप्पा न खाता सीमारेषेपार गेला की 6 धावा.
16. वाइड – फलंदाजाला नीट खेळता येणार नाही इतका लांबून गेलेला चेंडू. एक धाव मिळते, चेंडू पुन्हा टाकावा लागतो.
17. नो बॉल – गोलंदाजाने नियम मोडून टाकलेला चेंडू, उदाहरणार्थ पुढचा पाय पूर्ण क्रीजपुढे टाकून. एक धाव मिळते, चेंडू पुन्हा टाकावा लागतो.
18. अवांतर (एक्स्ट्रा) – बॅटने न काढलेल्या धावा, जसं वाइड आणि नो बॉलची धाव.
19. षटक (ओव्हर) – एका टोकाकडून टाकलेले सहा वैध चेंडू. वाइड आणि नो बॉल धरत नाहीत.
20. बाद (आउट) – फलंदाजाचा खेळ संपणं. संपला नसेल तर नाबाद.
21. त्रिफळाचीत (बोल्ड) – गोलंदाजाने टाकलेला चेंडू यष्ट्यांवर आदळून बेल्स पडल्या.
22. झेलबाद (कॅच आउट) – मारलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी पकडला.
23. पायचीत (एलबीडब्ल्यू) – वर सांगितल्याप्रमाणे, पंचांच्या निर्णयाने.
24. धावचीत (रन आउट) – धाव घेताना फलंदाज क्रीजमध्ये पोचण्याआधी बेल्स पाडल्या.
25. यष्टिचीत (स्टम्प आउट) – धाव घेत नसताना फलंदाज क्रीजबाहेर गेला आणि यष्टिरक्षकाने बेल्स पाडल्या.
26. गडी (विकेट, बळी) – संघातला खेळाडू. ‘गडी बाद’ म्हणजे त्याचा खेळ संपला. इथे कोणी मरत नाही.
27. डाव (इनिंग) – एका संघाची फलंदाजी सुरू होऊन संपेपर्यंतचा खेळ.

तुमच्या वर्गात करायचं तर ही यादी तयार वाटू नका. विकेटची पाच वाक्यं फळ्यावर लिहा आणि तिथून सुरुवात करा. तुमच्या भागातल्या मुलांच्या तोंडी कदाचित आणखी वेगळे शब्द असतील, ते कंसात जाऊ द्या.

मागच्या आठवड्यात खेळाच्या तासाला भांडण झालं. चेंडू एका मुलाच्या पोटरीला लागला आणि समोरच्या संघाने बाद मागितला. आमच्याकडे आजवर पायचीत देतच नव्हते. पंच म्हणून उभी होती तीच मुलगी, पाच बळींवरून थांबलेली. तिने शांतपणे विचारलं, “बॅटला लागला का?” नाही. “अडला नसता तर यष्ट्यांवर गेला असता का?” दोन्ही संघ आधी चेंडूकडे बघत राहिले, मग यष्ट्यांकडे. चेंडू लेगच्या बाहेरून चालला होता. तिने सांगितलं, “नाबाद.” कोणी हसलं नाही.